पाठ शेकणाऱ्याचा उजवा हात

थंडीच्या रात्री शेकोटीभोवती आठ जण बसले आहेत. काहींनी तळवे जाळाकडे धरलेत, तर काही उलटे वळून पाठ शेकताहेत. आता प्रत्येकाला सांगितलं, की आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याला टाळी द्या, तर काय होईल? जाळाकडे तोंड असलेल्यांचे उजवे हात एका बाजूला जातील आणि पाठ शेकणाऱ्यांचे बरोबर उलट बाजूला. दोघे एकाच शेजाऱ्यावर चालून जातील आणि कुणाकडे कुणीच फिरकणार नाही. बँकेच्या परीक्षेतल्या रिझनिंगच्या पेपरात गोलाकार बैठकीचं जे कोडं असतं, त्याची सगळी मेख या टाळीत आहे.

आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद. बैठकीच्या एका कोड्यावर बहुधा पाच प्रश्न येतात, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. एका माणसाचं तोंड चुकीच्या बाजूला वळवलं तर दोन-तीन उत्तरं एकदम हातची जातात.

सगळेच आत पाहत असते तर मामला सोपा होता. वर्तुळाला सुरुवात नसते, त्यामुळे पहिला माणूस कुठेही बसवा, उरलेल्या सात जणांच्या मांडण्या होतात ५,०४०. पण प्रत्येकाचं तोंड आत किंवा बाहेर असू शकतं म्हटलं, की हा आकडा २५६ पट वाढतो आणि १२,९०,२४० शक्यता समोर उभ्या राहतात. त्यांतली नेमकी एक उरेल इतपत माहिती प्रश्नकर्ता देतो, पण सरळ देत नाही. कोण कुठे पाहतंय हे तो फारसं सांगत नाही. ते जागांवरून ओळखायचं असतं. माझ्या मते या कोड्यातला सर्वांत देखणा भाग हाच आहे, आणि क्लासमधल्या घाईत तोच नेमका निसटतो.

आधी उजव्या-डाव्याचा निकाल लावू. कागदावर वर्तुळ काढा आणि अगदी तळाशी एक माणूस बसवा, तोंड केंद्राकडे. तो तुमच्यासारखाच कागदाच्या वरच्या कडेकडे पाहतोय, म्हणून त्याचा उजवा हात तोच तुमचा उजवा. घड्याळाच्या तबकडीवर पाहिलं तर तो ६ वर बसला आहे आणि त्याच्या उजवीकडे ५ आणि ४ आहेत. म्हणजे काटे फिरतात त्याच्या उलट. यावरून आत पाहणाऱ्याचा उजवा हात काट्यांच्या उलट आणि डावा हात काट्यांच्या दिशेने, हे कायमचं ठरलं, मग तो वर्तुळात कुठेही बसलेला असो. बाहेर पाहणाऱ्याचं सगळं उलट. काट्यांच्या दिशेला आपण ‘पुढे’ म्हणू आणि उलट दिशेला ‘मागे’. आत पाहणारा डावीकडे मोजतो तेव्हा पुढे जातो. बाहेर पाहणारा उजवीकडे मोजतो तेव्हा पुढे जातो. एवढं हातात असलं की दर वेळी कागद फिरवावा लागत नाही, मानही वाकडी करावी लागत नाही.

आता एक कोडं घेऊ. अमोल, बाळू, चित्रा, दीपा, ईशा, फिरोज, गौरी आणि हेमंत हे आठ जण गोल टेबलाभोवती समान अंतरावर बसले आहेत. काहींची तोंडे केंद्राकडे आहेत, काहींची बाहेर. अमोलचे तोंड केंद्राकडे असून चित्रा त्याच्या उजवीकडे तिसरी आहे. दीपा चित्राच्या डावीकडे दुसरी आहे. दीपा आणि बाळू यांच्यामध्ये तिघे जण आहेत. ईशा बाळूच्या डावीकडे दुसरी आहे. फिरोज ईशाच्या लगेच डावीकडे आहे. बाळू आणि ईशा यांची तोंडे एकाच दिशेला आहेत. गौरी दीपाच्या डावीकडे तिसरी आहे. चित्राच्या दोन्ही शेजाऱ्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना आहेत. ईशा हेमंतच्या उजवीकडे तिसरी आहे. फिरोज आणि गौरी यांची तोंडे एकाच दिशेला आहेत.

वर्तुळावर आठ खुणा करू आणि तळापासून काट्यांच्या दिशेने त्यांना १ ते ८ क्रमांक देऊ. अमोल १ वर बसेल, कारण त्याचं तोंड आपल्याला माहीत आहे. सुरुवात नेहमी अशाच माणसापासून करावी. तो आत पाहतो, म्हणून उजवीकडे मोजायचं म्हणजे मागे यायचं: ८, ७, ६. चित्रा ६ वर.

पुढच्याच वाक्याला रस्ता फुटतो. दीपा चित्राच्या डावीकडे दुसरी, पण चित्रा कुठे पाहतेय? आत पाहत असेल तर दीपा ८ वर, बाहेर पाहत असेल तर ४ वर. इथे अंदाजाने एक बाजू धरून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरून लहानशी दोन वर्तुळं शेजारी-शेजारी काढावीत. पहिल्या वर्तुळात चित्रा आत, दीपा ८. दुसऱ्यात चित्रा बाहेर, दीपा ४. मध्ये तिघे असण्याचा अर्थ आठांच्या वर्तुळात एकच, बरोबर समोरासमोर. म्हणून बाळू पहिल्यात ४ वर आणि दुसऱ्यात ८ वर बसतो.

आता ईशा, बाळूच्या डावीकडे दुसरी. बाळूचं तोंड कुठे आहे ते कुणी सांगितलेलं नाही, पण सांगायची गरजही नाही. पहिल्या वर्तुळात बाळूपासून दोन जागांवर ६ आणि २ आहेत, आणि ६ वर चित्रा आधीच बसली आहे. म्हणून ईशा २ वरच. ४ वरून २ कडे जाणं म्हणजे मागे जाणं, आणि डावीकडे मोजताना मागे जातो तो बाहेर पाहणारा. बाळू बाहेर पाहतोय! दुसऱ्या वर्तुळात ८ पासून दोन जागांवर पुन्हा ६ आणि २. पुन्हा ६ भरलेली, पुन्हा ईशा २ वर. पण इथे ८ वरून २ कडे जाणं म्हणजे पुढे जाणं, म्हणून इथे बाळू आत पाहतो. ईशाची जागा दोन्हीकडे तीच, बाळूचं तोंड मात्र उलटं. अशा कोड्यात भरलेली खुर्ची रिकाम्या खुर्चीपेक्षा जास्त बोलते, कारण तीच समोरच्याला तोंड वळवायला लावते.

फिरोज ईशाच्या लगेच डावीकडे. ईशाच्या एका बाजूला अमोल आहे, म्हणून फिरोज दुसऱ्या बाजूला, ३ वर. डावीकडे म्हणजे पुढे झालं, तेव्हा ईशा आत पाहते. आणि बाळू-ईशाची तोंडं एकाच दिशेला आहेत. पहिल्या वर्तुळातला बाळू बाहेर पाहत होता, तेव्हा ते वर्तुळ इथे मोडलं. त्यावर काट मारा आणि यापुढे त्याकडे पाहू नका. उरलेल्या वर्तुळात चित्रा बाहेर पाहते, बाळू आत.

पुढचं भराभर होतं. दीपा ४ वर आहे. तिच्यापासून तीन जागांवर ७ आणि १ येतात. १ वर अमोल आहे, म्हणून गौरी ७ वर आणि दीपाचं तोंड आत. उरलेली ५ नंबरची जागा हेमंतची. ५ वरून २ कडे उजवीकडे मोजत यायचं तर मागे यावं लागतं, म्हणून हेमंत आत पाहतो. चित्राचे शेजारी हेमंत आणि गौरी. हेमंत आत, तर गौरी बाहेर. गौरी बाहेर, म्हणून फिरोजही बाहेर. पाच जण आत पाहताहेत आणि तिघे बाहेर.

शेजाऱ्यांच्या त्या अटीवर जरा थांबायला हवं. ‘चित्राच्या दोन्ही शेजाऱ्यांची तोंडे परस्परविरुद्ध’ याचा अर्थ हेमंत आणि गौरी एकमेकांच्या उलट पाहतात. चित्राच्या उलट नव्हे. घाईत वाचणारा दोघांनाही चित्राच्या विरुद्ध, म्हणजे आत वळवतो. मग फिरोजही आत जातो, आणि चूक अशी की कुठेच खटकत नाही, कारण जागा सगळ्या बरोबर असतात. ‘एकाच दिशेला’ या शब्दांचंही तसंच. अमोल आणि हेमंत समोरासमोर बसून दोघेही केंद्राकडे पाहतात. होकायंत्र लावलं तर एकाचं तोंड उत्तरेला असेल आणि दुसऱ्याचं दक्षिणेला. पण परीक्षेच्या भाषेत ती एकच दिशा. दोघेही आत किंवा दोघेही बाहेर, इतकाच तिचा अर्थ.

आणखी एक चूक ओळखायला सोपी आहे. हात कुणाचा धरायचा? ‘गौरी दीपाच्या डावीकडे’ म्हटलं की हात दीपाचा. ज्याच्या नावाला ‘च्या’ चिकटला आहे त्याच्या तोंडाचा विचार करायचा. गौरी कुठे पाहते याचा या वाक्याशी काही संबंध नाही. तयारी करणारी मुलं इथे बऱ्याचदा गौरीच्या बाजूने मोजायला लागतात. मग कुणीतरी भरलेल्या खुर्चीवर जाऊन आदळतं. तसं झालं की कोड्यात चूक आहे असं समजू नये, शेवटी कुणाचा हात धरला होता ते तपासावं.

आकृती पुरी झाली की प्रश्नांना वेळ लागत नाही. फिरोजच्या डावीकडे दुसरा कोण? फिरोज बाहेर पाहतो, डावीकडे म्हणजे मागे, ३ वरून १, म्हणजे अमोल. त्याला चुकून आत वळवलेल्या विद्यार्थ्याला इथे हेमंत मिळतो, आणि पर्यायांमध्ये हेमंतचं नाव ठेवायला पेपर काढणारे विसरत नाहीत. अमोल, दीपा, ईशा, फिरोज, हेमंत यांपैकी गटात न बसणारा कोण? बाहेर पाहणारा फिरोजच.

एक प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा असतो. अमोलला जागेवरच ठेवून सगळ्यांना काट्यांच्या दिशेने इंग्रजी वर्णक्रमाने बसवलं, तर अमोल सोडून किती जणांची जागा बदलणार नाही? २ वर बाळू, ३ वर चित्रा, ४ वर दीपा असं मांडत गेलं की दीपा आणि गौरी जागच्या जागी राहतात. उत्तर दोन. याला कुणाचं तोंड कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. जागा भरल्या की तोंडांचे शेवटचे दोन-तीन बाण काढायच्या आधीच हा प्रश्न सोडवून टाकावा. ‘अमोलच्या बरोबर समोर कोण’ हाही तसलाच.