शालेय स्वयंपाकगृहातील एप्रन व फडकी : कापड कसे निवडावे

जालना जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांत मुलांना दुपारचे भोजन दिले जाते. 1995 साली देशात सुरू झालेल्या आणि 2021 पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून हे काम चालते. ज्या शाळांत भोजन तेथेच शिजते, तेथील स्वयंपाकी भगिनी मोठ्या पातेल्यावर वाकून फोडणी देतात, खिचडी ढवळतात व जड भांडी उतरवितात. त्यांच्या अंगावर बहुधा कृत्रिम धाग्याची साडी असते व तिचा पदर चुलीच्या अगदी जवळ येतो. म्हणून एप्रनचे पहिले काम हे की, त्याने पदर अंगाशी घट्ट धरून ठेवावा आणि ज्वाळा किंवा तापलेले तेल साडीपर्यंत पोहोचू देऊ नये. हे काम कोणते कापड करू शकते, याचा विचार खरेदीपूर्वीच झाला पाहिजे.

दुकानात टेरिकॉटचे तयार एप्रन चटकन नजरेत भरतात. ते चुरगळत नाहीत व लवकर वाळतात. परंतु टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टरचा धागा असतो. हा धागा सुमारे 255 ते 260 अंश सेल्सिअस उष्णतेला वितळतो, आणि चुलीच्या ज्वाळेची उष्णता याहून कितीतरी अधिक असते. वितळलेला धागा त्वचेला चिकटतो व तेथेच जळत राहतो, त्यामुळे जखम खोल होते. सुती धागा वितळत नाही, तो करपतो. मात्र सूतही पेट घेते, हे विसरू नये. कोणतेही साधे सुती कापड अग्निरोधक नसते. घट्ट विणीचे, थोडे जाड व गुळगुळीत कापड सावकाश पेटते आणि एप्रन काढून टाकण्यास वेळ मिळतो. विरळ व पातळ कापड, तसेच फ्लॅनेलसारखे लव असलेले कापड झपाट्याने पेटते, म्हणून ते चुलीजवळ नको. एप्रनसाठी तिरप्या विणीचे सुती ड्रिल उत्तम होय. ते न मिळाल्यास जाड, घट्ट विणीचा मांजरपाट घ्यावा.

कापड खरोखर सुती आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता पाहून घ्यावे. कापडाच्या कडेचे चार धागे उभे व चार आडवे काढावेत. ते चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून, पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मागे बोटाने सहज चुरडणारी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्वाळेपासून आकसतो आणि त्याचा कठीण काळा मणी तयार होतो. राख व मणी दोन्ही आढळल्यास कापड मिश्र आहे असे समजावे व ते घेऊ नये.

तेलाच्या दृष्टीनेही सुतीच सोयीचे. पॉलिएस्टरचा धागा पाणी शोषत नाही, पण तेल धरून ठेवतो. असे फडके धुतल्यावरही वास देत राहते. सुती कापडातील तेल गरम पाण्याने व सोड्याने सुटते, आणि ते कापड उकळण्यास पुरेसे टिकाऊ असते.

मात्र धुण्याची रीत योग्य हवी. जिल्ह्यातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यात नुसता साबण घातला तर क्षारांशी मिळून त्याची चिकट साय बनते. ती धाग्यांत बसल्याने फडके करडे व ताठर होते आणि पाणी टिपेनासे होते. म्हणून प्रथम दहा लिटर गरम पाण्यात सुमारे 50 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा, पंधरा मिनिटे थांबावे व मगच साबण घालावा. त्यात कपडे अर्धा तास भिजवून पंधरा मिनिटे उकळावेत आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावेत. यासाठी स्टीलचे भांडे वापरावे, कारण सोड्याने ॲल्युमिनियम खराब होते. हळदीचा डाग सोड्यात लाल होतो. त्यामुळे गोंधळून जाऊ नये. उन्हात वाळविल्यावर तो फिका पडतो.

फडक्यांची निवड त्यांच्या कामावरून करावी. भांडी पुसण्यास मऊ व मोकळ्या विणीचे पातळ सुती कापड हवे. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते पाणी टिपत नाही. दोन-तीनदा धुतल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच मुरला तर फडके कामास योग्य झाले. तापलेले भांडे धरण्यासाठी मात्र ड्रिलच्या चार पदरांचे, सुमारे 25 सेंटिमीटर चौरस फडके शिवावे व ते नेहमी कोरडे ठेवावे. कोरड्या पदरांत अडकलेली हवा उष्णता रोखते. ओल्या फडक्यातून ती झटकन हाताला पोहोचते, वाफ होऊन हात पोळतो आणि भांडे सुटते.

दोन स्वयंपाकी असलेल्या शाळेचा हिशोब असा मांडता येईल. प्रत्येकीस तीन एप्रन लागतात : एक अंगावर, एक धुण्यात व एक वाळत. म्हणजे एकूण सहा. कापडाचा पन्हा 90 सेंटिमीटर असेल, तर छातीपासून गुडघ्याखालपर्यंतच्या एका एप्रनला शिवणीसह 1.1 मीटर लागतो. सहांना 6.6 मीटर झाले. नवे सुती कापड आटते, म्हणून शेकडा सात भाग आट धरून सव्वासात मीटर घ्यावे. कापड आधी उकळून, वाळवून मगच बेतावे. पन्ह्यातून उरलेल्या पट्टीचे बंद होतात. बंदांची गाठ एका ओढीत सुटणारी असावी, कारण तापलेले तेल सांडल्यास भिजलेला एप्रन उष्णता धरून ठेवतो व तो क्षणात दूर करावा लागतो. त्यानंतर भाजलेल्या जागी वीस मिनिटे थंड पाणी ओतत राहावे आणि उपचारास न्यावे.

आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. करडई, सूर्यफूल, सोयाबीन व विशेषतः जवस यांची तेले हवेशी संयोग पावताना उष्णता देतात. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी बोळा आपोआप धुमसू शकतो. म्हणून अशी फडकी त्याच दिवशी धुवावीत. ते शक्य नसेल तर चुलीपासून दूर, सुटी पसरून टांगावीत. पुरते न धुतलेले तेलकट कापड उन्हातून गरमागरम काढून घडी करून रचू नये.

ग्रामसेविकेने शाळेस भेट देताना एप्रन उजेडासमोर धरून पाहावा. वीण विरळ झाली असेल, करपून भोके पडली असतील किंवा धुतल्यावरही तेलाचा वास राहत असेल, तर तो चुलीजवळून काढावा. धुतल्यावर तेल निघालेले तुकडे जमीन पुसण्याच्या मसोत्यासाठी वापरता येतील. मात्र त्यांच्या कडेला रंगीत दोरा घालावा, म्हणजे ते भांड्यांच्या फडक्यांत मिसळणार नाहीत.