पाण्यात उभी कपाशी का सुकते?

शाळेच्या विज्ञानाच्या परीक्षेत एक प्रश्न अधूनमधून येतोच. ‘विसरण, परासरण आणि सक्रिय वहन यांतील फरक दैनंदिन जीवनातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.’ तीन-चार गुणांचा प्रश्न. उत्तरपत्रिका तपासताना मला बहुतेक वेळा एकाच वळणाची उत्तरे वाचायला मिळतात. विसरणाला उदबत्ती, परासरणाला मनुका, आणि सक्रिय वहनापाशी आले की पेन थांबते. व्याख्या पाठ असते, उदाहरण सापडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना तरी ते शोधायला दूर जावे लागू नये. या तिन्ही क्रिया आपल्या कपाशीच्या मुळापाशी रोज चालतात आणि त्यातली एक बंद पडली की सगळ्या घराला ते कळते. तेव्हा आज हे उत्तर शेतातूनच लिहू या.

आधी विसरण. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तळाशी खडीसाखरेचा खडा टाका आणि ढवळू नका. साखर विरघळते, पण बराच वेळ वरचे पाणी जवळजवळ फिकेच लागते. साखरेचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. त्यातला कोणताही रेणू वर जायचे ठरवून निघत नाही. मात्र तळाशी ते दाट आणि वर विरळ असल्यामुळे वर जाणारे जास्त आणि खाली परतणारे कमी असतात. सगळीकडे सारखी गोडी होईपर्यंत हे चालते. दाट जागेकडून विरळ जागेकडे पदार्थाचे असे आपोआप पसरणे म्हणजे विसरण. त्याला पटल लागत नाही आणि ऊर्जाही पुरवावी लागत नाही.

विसरणाची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. जवळच्या अंतरावर ते झपाट्याने होते, लांबच्या अंतरावर फारच हळू. पाण्यातल्या एखाद्या लहान रेणूला पेशीची रुंदी ओलांडायला सेकंदाचा अंशही पुरतो. एक सेंटिमीटर जायला अर्ध्या दिवसाच्या आसपास लागतो, आणि दहा सेंटिमीटर जायला त्याच्या दहापट नव्हे, शंभरपट वेळ लागतो. म्हणून आपण चहा ढवळतो. उदबत्तीचा वास घरभर लगेच पसरतो तोही बहुतांशी हवेच्या झुळकीमुळे. ते उदाहरण द्यायचेच असेल तर ‘बंद खोलीतील स्थिर हवेत’ एवढे शब्द जोडावेत.

आता परासरण. कच्च्या बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. तासाभराने साध्या पाण्यातली चकती ताठ झालेली दिसेल, मिठातली लुळी पडून सहज वाकेल. बटाट्याच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. ते पाण्याला सहज वाट देते, पण मिठासारख्या विरघळलेल्या पदार्थांना सहजी सोडत नाही. म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात. मीठ आत जाऊ शकले नाही, तेव्हा पाणीच पेशीतून बाहेर आले. हाच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर करून पाहा. तो तसा ताठ किंवा लुळा होत नाही, कारण उकडताना पटल मोडलेले असते. परासरणाला पटल किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

कैरीच्या लोणच्यात तर दोन्ही क्रिया पाठोपाठ घडतात. फोडींना मीठ लावले की काही वेळाने बरणीत पाणी सुटते, ते परासरण. पुढे पेशी मरतात, पटले निकामी होतात आणि मग मीठ फोडीच्या आतपर्यंत शिरते, ते विसरण.

परासरणाच्या व्याख्येत मुले हमखास गुण घालवतात. ‘कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे’ असे लिहितात, पण कशाची तीव्रता ते लिहीत नाहीत. परासरणात वाहते ते पाणी, आणि जिथे पाणी जास्त आहे, म्हणजे द्रावण विरळ आहे, तिथून ते दाट द्रावणाकडे जाते. वाक्यात ‘पाणी’ आणि ‘द्रावण’ हे दोन्ही शब्द आले की गोंधळ राहत नाही.

कपाशीच्या मुळांवरच्या बारीक केसांमध्ये हेच घडते. त्यांच्या पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येते. पानांतून बाष्प होऊन जाणारे पाणी वरून ओढ देते, ती वेगळी. पण युरियाची मूठ बुडाशीच पडली आणि ओल बेताची असली, तर मुळाभोवतीचे पाणीच पेशीरसापेक्षा दाट होते. मग पाणी उलट मुळातून बाहेर पडते. युरियापासून तयार होणारा अमोनियाही मुळांना इजा करतो. एक-दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि झाड मान टाकते. खत झाडापासून थोडे दूर, ओलीवर आणि मातीआड द्यायला सांगतात ते यासाठी.

राहिले सक्रिय वहन. पोटॅशियमचे उदाहरण घेऊ. मातीतल्या पाण्यात ते जेवढे असते, त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक ते मुळाच्या पेशीत असते. विसरणाच्या नियमाने पाहिले तर ते बाहेर पसरायला हवे. पण झाड ते बाहेरून आतच घेत असते. चढावर पाणी चढवायला जशी मोटार लागते, तसे इथे पटलातले प्रथिनांचे पंप लागतात. हे पंप ऊर्जा खर्च करून हायड्रोजनचे भारित कण पेशीबाहेर ढकलतात. ते कण परत आत येऊ पाहतात, आणि त्यांच्या त्या ओढीवर नायट्रेट, पोटॅशियम अशी पोषकद्रव्ये आत घेतली जातात. विरळ जागेकडून दाट जागेकडे, ऊर्जा खर्चून, पटलातल्या प्रथिनांच्या मदतीने होणारी ही वाहतूक म्हणजे सक्रिय वहन. मोटार किंवा हापशी ही इथे उपमा झाली. परीक्षेत उदाहरण म्हणून पोषकद्रव्ये शोषणारे मूळच लिहावे.

ही ऊर्जा येते कुठून? मुळाच्या श्वसनातून. पानांनी तयार केलेली साखर मुळापर्यंत येते आणि तिथे ऑक्सिजनच्या साहाय्याने तिचे विघटन होते. पेशी ऊर्जा वापरते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त २. हे दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवून आता पावसाळ्यातल्या शेतात जाऊ.

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या लोकांना सोडवण्याची वेळ आली. एवढा मोठा पूर दरवर्षी येत नाही, पण सलग पावसाने शेत चिबडणे हे आपल्या भारी काळ्या जमिनीत नेहमीचे. ही माती ओली झाली की फुगते, तिच्या फटी मिटतात आणि पाणी लवकर निचरत नाही. एरवी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि ऑक्सिजन विसरणाने मुळापर्यंत पोचतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मार्ग तोच राहतो, पण ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंदावते. जमिनीत उरलेला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

तिथून पुढची साखळी सरळ आहे. ऑक्सिजन नाही, म्हणून ३० ऐवजी २ एटीपी. ऊर्जा नाही, म्हणून पंप मंदावले. पंप मंदावले, म्हणून नायट्रेट आत येणे थांबले. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. मुळाच्या पेशीत आम्ल साठते आणि पटलातल्या पाण्याच्या वाटाही बंद होऊ लागतात. अशात पाऊस उघडून कडक ऊन पडले, तर पाने पाणी मागतात आणि मूळ ते देऊ शकत नाही. पाण्यात उभी असलेली कपाशी डोळ्यांदेखत सुकते. शेतकरी याला कपाशी उबळली म्हणतात, कृषितज्ज्ञ आकस्मिक मर म्हणतात. ही बुरशीने येणारी मर नव्हे. सुरुवातीला झाड उपटून पाहिले तर मूळ सडलेले नसते.

अशा वेळी पिवळेपणा पाहून चिबडलेल्या वावरात युरिया फेकण्याची घाई होते. पण मुळाबाहेर नत्र वाढवून काय होणार, आत घेणारा पंपच थांबलेला आहे. उलट पाण्याखालच्या जमिनीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वाफसा येऊ द्यावा. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असल्याची स्थिती. आपल्या भाषेतल्या या एका शब्दात मुळाच्या श्वसनाची अट आली आहे. वाफशावर डवरणी केली की माती मोकळी होते, मग खत लागू पडते. तोवर तातडीने नत्र द्यायचे तर पानांवर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅमची, फवारणी करतात. पानांतून युरिया आत शिरायला मुळांच्या पंपांची वाट पाहावी लागत नाही. मात्र द्रावण फार दाट झाले तर पाने करपतात.

आता परीक्षेचे उत्तर. मला पूर्ण गुण द्यायला आवडेल असे ते साधारण पुढीलप्रमाणे आहे.

‘विसरण म्हणजे पदार्थाच्या कणांचे जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे आपोआप पसरणे. त्याला पटल व ऊर्जा लागत नाही. उदा. न ढवळलेल्या पाण्यात साखर पसरणे. परासरण म्हणजे निवडक्षम पारपटलातून पाण्याचे विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणे. त्यालाही ऊर्जा लागत नाही. उदा. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटणे. सक्रिय वहन म्हणजे पेशीने ऊर्जा वापरून, पटलातील प्रथिनांमार्फत, पदार्थ कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे नेणे. उदा. मुळांनी मातीतून पोटॅशियम व नायट्रेट शोषणे. शेतात पाणी साचून मुळांना ऑक्सिजन मिळाला नाही की हे वहन मंदावते.’

शेवटचे वाक्य पुस्तकात नसेल, तरी ते लिहावे. तीन क्रियांपैकी ऑक्सिजन तुटताच अडखळणारी क्रिया कोणती, हे ज्याने सांगितले त्याला फरक कळला आहे, हे तपासणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.