दोन गायक आणि एक दिग्दर्शक

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) या चित्रपटांवर एकत्र लिहायला बसलं, की आधी वरवरची साम्यं हाताला लागतात. दोन्हींत मुंबई आहे, दोन्ही व्हेनिसच्या महोत्सवात गाजले, दोन्हींची चाल संथ आहे. यातलं काहीच लेखात टिकत नाही, कारण संथ चालीचे, मुंबईतले चित्रपट इतरांनीही केले आहेत. साम्य सापडलं, की ते वाक्य दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या नावानं वाचून पाहावं. तरीही खरं वाटलं, तर खोडून टाकावं.

या कसोटीला उतरणारं एक साम्य सहसा नजरेतून निसटतं. दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी गायक आहे. ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे हे लोकशाहीर. त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप आहे. ‘द डिसायपल’मधला शरद नेरुलकर ख्याल गायकी शिकतो. त्याला घडवणारी माणसं दोन. समोर बसून शिकवणारे गुरुजी, आणि ज्यांच्या व्याख्यानांची जुनी ध्वनिमुद्रणं तो ऐकत असतो त्या माई.

आता दोघांच्या गाण्याचं काय होतं ते पाहा. कांबळेंचं गाणं पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश अशा सगळ्यांच्या तोंडी आहे, पण गाणं म्हणून ते कोर्टात कुणीच ऐकत नाही. तिथं त्याचा फक्त पुरावा होतो. शरदला मात्र कान देऊन ऐकणारी माणसं मिळतात, आणि त्या ऐकण्यातच त्याचं गाणं आखडतं. सूर लावताना समोर श्रोते कमी आणि गुरू, परंपरा, माईंच्या कठोर अटी जास्त असतात. एका चित्रपटात संस्था गायकाला बाहेरून धरते. दुसऱ्यात ती त्याच्या गळ्यात बसलेली आहे. मला लेखाचा कणा इथं दिसतो. साम्याच्या पोटातच फरक असल्यामुळे तुलनेला पुढे सरकायला जागा मिळते.

हे पडद्यावर कसं उभं राहतं, ते दाखवल्याशिवाय मात्र दावा पोकळ राहतो. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर असतो. वासुदेवची बायको साक्ष द्यायला येते, तेव्हाही जवळ जाऊन तिच्या चेहऱ्यावरचं दुःख टिपायची घाई त्याला नाही. नवऱ्याला कामावर सुरक्षेची साधनं मिळत नव्हती, गटारात उतरण्याआधी तो दारू पीत असे, हे ती सपाट आवाजात सांगते. याच तपशिलांमुळे आत्महत्येचा आरोप ढासळतो, तरी दृश्य कुठंही टाळी मागत नाही. शिवाय कॅमेरा कोर्टाबाहेर पडून सरकारी वकील नूतन यांच्यामागे त्यांच्या घरीही जातो. दिवसभर आरोपीविरुद्ध बोललेली बाई संध्याकाळी स्वयंपाकाला लागते. तिला खलनायिका ठरवण्याची सोय दिग्दर्शक आपल्याला ठेवत नाही.

‘द डिसायपल’मध्येही असंच अंतर आहे. शरदच्या मैफलीतही चेहऱ्याच्या आधी व्यासपीठ, साथीदार आणि श्रोते दिसतात. दोन्ही चित्रपटांचे छायालेखक वेगळे आहेत. ‘कोर्ट’चे मृणाल देसाई, दुसऱ्याचे पोलंडचे मिखाल सोबोचिन्स्की. छायालेखक बदलूनही माणसाला त्याच्या संस्थेसकट चौकटीत बसवण्याची सवय टिकते, तेव्हा ती दिग्दर्शकाची म्हणायला आधार मिळतो.

शेवटांतही तोच स्वभाव आहे. सुट्टीसाठी कोर्ट बंद होऊन अंधार होतो, तिथं ‘कोर्ट’ संपू शकला असता. ताम्हाणे पुढे न्यायाधीशांच्या सहलीत जातात. बाकावर डुलक्या घेणाऱ्या न्यायाधीशांना मुलं दचकवून उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपी जातात. ‘द डिसायपल’ही शरदच्या मैफलीवर न संपता लोकलच्या डब्यात गाणाऱ्या एका माणसापाशी पोचतो. शरद तिथं प्रवासी आहे. संस्थेच्या बाहेर गेल्यावर दिसतं ते असं: न्यायाधीश आपला अधिकार बरोबर घेऊन फिरतो, आणि गाणं मात्र घराण्यावाचूनही चालू असतं.

या मांडणीला न जुमानणारा पुरावाही लेखात यायला हवा. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवर मोटरसायकलवरून जाणारा शरद मंदगतीत दिसतो, मागे तानपुरा आणि माईंचा आवाज असतो. इथं कॅमेरा त्याच्याबरोबर चालतो आणि आपण त्याच्या डोक्यात शिरतो. ‘कोर्ट’मध्ये कुणाच्याही मनात असं शिरता येत नाही, कांबळेंच्याही नाही. म्हणून ‘ताम्हाणे नेहमी दूर उभे राहतात’ हे वाक्य चुकीचं ठरतं. त्या दृश्यांत ऐकू येणारा आवाज मात्र शरदचा नाही, माईंचा आहे. दिग्दर्शक त्याच्या मनात जातो, आणि तिथंही आधीच येऊन बसलेलं दुसरं कुणीतरी त्याला सापडतं.