अर्ध्या वाटेवरचा सामू

गेल्या आठवड्यात आपण असेटिक आम्लाचं टायट्रेशन शेवटापर्यंत नेलं. २५ मिली आम्ल, ब्युरेटमध्ये साधारण ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड, २४.६० मिलीला सामू एकदम उसळला आणि फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झालं. तो झाला समतुल्य बिंदू. आता त्याच तक्त्यात मागे जाऊन १२.३० मिलीसमोरचा आकडा वाचायचा. आम्लाचा वियोजन स्थिरांक, म्हणजे Ka, तिथे दडलेला असतो.

कारण सोपं आहे. लागणाऱ्या अल्कलीपैकी निम्मी पडली की निम्म्या आम्लाचं असेटेट झालेलं असतं आणि निम्मं आम्ल तसंच उरलेलं असतं. वियोजनाचं समीकरण असं:

Ka = [H⁺][A⁻] / [HA]

असेटेट आणि आम्ल समसमान झाले की ते एकमेकांना छेदून जातात आणि उरतं Ka = [H⁺], म्हणजेच pH = pKa. गंमत अशी, की यात आम्ल किती मोलर होतं किंवा अल्कली नेमकी किती तीव्र होती, हे कुठेच लागत नाही. इतकंच कशाला, ब्युरेटही लागत नाही. आम्लाचे दोन सारखे भाग पिपेटने घ्या, एक फिक्या गुलाबी रंगापर्यंत उदासीन करा, दुसरा त्यात ओता आणि सामू वाचा. अर्धा बिंदू आयताच हाती येतो.

ही पद्धत ब्युरेटच्या चुका पोटात घालते. अर्ध्या बिंदूपाशी द्रावण उत्तम बफर असतं, आलेख जवळजवळ आडवा असतो. आपल्या उदाहरणात तिथे एक पूर्ण मिली अल्कली जास्त पडली तरी सामू ०.०७ नेच सरकतो. समतुल्य बिंदू ०.२ मिलीने चुकला, तर अर्धा बिंदू ०.१ मिलीने चुकतो आणि सामूतला फरक ०.०१ च्याही आत राहतो. सामूमापक मात्र इतका क्षमाशील नाही. तो ०.०५ ने चुकीचा दाखवत असेल तर Ka सुमारे १२ टक्क्यांनी बिघडतो, कारण लॉगॅरिदम उलटवताना चूक फुगते. म्हणून आधी ४ आणि ७ सामूच्या बफरांवर मापक लावून घ्यायचा. ब्युरेटच्या शेवटच्या थेंबासाठी डोळे फोडण्यापेक्षा हे जास्त मोलाचं.

आता खरी मेख. पुस्तकात असेटिक आम्लाचा pKa २५ अंश सेल्सिअसला ४.७६ दिलेला असतो. नीट प्रयोग करणाऱ्याला १२.३० मिलीवर ४.६८ च्या आसपास आकडा मिळतो, आणि प्रयोगवहीत तो गुपचूप ४.७६ होतो! वास्तविक ४.६८ हेच बरोबर निरीक्षण आहे. त्या क्षणी द्रावणात सोडिअम आणि असेटेटचे आयन प्रत्येकी सुमारे ०.०३३ मोलर असतात. आसपासच्या विरुद्ध प्रभारांमुळे असेटेटची परिणामकारक संहती, म्हणजे सक्रियता, खऱ्या संहतीपेक्षा कमी पडते. आम्लाचा अखंड रेणू प्रभारहीन असल्याने त्याला फारशी झळ लागत नाही. डिबाय आणि ह्युकेल यांच्या सूत्राने हिशेब केला तर यामुळे सामूत होणारी घट ०.०८ येते. ती मिळवली की ४.७६ परत मिळतो. न मिळवता Ka काढला तर १.७५ × १०⁻⁵ ऐवजी २.१ × १०⁻⁵ येतो.

दुसरी मर्यादा आम्ल जरा जोरकस असलं की डोकं वर काढते. क्लोरोअसेटिक आम्लाचा pKa २.८७. त्याचं ०.०१ मोलर द्रावण तेवढ्याच तीव्रतेच्या अल्कलीने टायट्रेट केलं, तर अर्ध्या बिंदूवर सामू ३.०९ च्या जवळ येतो, आयनांचा परिणाम सोडला तरी. उरलेल्या आम्लातला बराच भाग आपणहून विघटित होतो, त्यामुळे ‘निम्मं-निम्मं’ हे गृहीतच ढासळतं. इथे सामूवरून [H⁺] काढून ते क्षाराच्या संहतीत मिळवावं, आम्लाच्या संहतीतून वजा करावं आणि मग Ka काढावा. अर्थात त्यासाठी दोन्हींच्या संहती माहीत हव्यात. फुकटचा फायदा संपला.

आम्ल अनोळखी असेल तर आपण कोणत्या बाजूला आहोत हे कसं कळणार? त्याच तक्त्यातल्या पाव आणि पाऊण बिंदूंचे आकडे काढा. आपल्या असेटिक आम्लासाठी ते ६.१५ आणि १८.४५ मिलीवर येतात. गृहीत टिकत असेल तर या दोन सामूंत साधारण ०.९५ चं अंतर पडतं. आयनांमुळे त्यात फार तर एक-दोन शतांश इकडेतिकडे. वरच्या क्लोरोअसेटिक आम्लात हेच अंतर ०.७० वर येतं. अंतर असं आक्रसलेलं दिसलं की अर्ध्या बिंदूचा सामू pKa म्हणून लिहायचा नाही.