दहा स्टेटस ठेवली, बघितली किती?

पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात जाहिरातीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "स्टेटसचा कोणाला त्रास नसतो, ज्याला बघायचं तोच उघडतो, म्हणून दिवसातून दहा टाका." हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खोडायचाही कंटाळा येतो. भाच्याच्या लग्नाचे फोटो बघायला कोणी स्टेटस उघडतं, ते संपले की पुढच्या माणसाचं न पाहिलेलं स्टेटस आपोआप सुरू होतं. तुमची जाहिरात अशीच, न निवडता, त्याच्यासमोर येते. तिचे दहा तुकडे असतील तर वरच्या पट्टीवरच्या दहा बारीक रेघा त्याला आधी दिसतात आणि तो बोट सरकवून पुढे जातो. हे रोज झालं की तो तुम्हाला म्यूट करतो. त्याची सूचना तुम्हाला कधीच येत नाही. कोणी भांडायला आलं नाही म्हणजे कोणाला त्रास झाला नाही, हा हिशेब इथेच चुकतो.

पुरावा तुमच्याच फोनमध्ये आहे. प्रत्येक तुकडा किती जणांनी पाहिला ते वेगवेगळं मोजलं जातं. एका दमात ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्याचा आकडा 120 आणि सहाव्याचा 45 असेल, तर मधल्या 75 जणांनी वाट सोडली. आकडा वाचताना मात्र सावध राहावं. ज्यांनी वाचल्याची निळी खूण बंद ठेवली आहे ते या यादीत दिसत नाहीत, आणि ज्याने एक सेकंद पाहून सोडलं तोही 'पाहिलं' मध्ये धरला जातो. म्हणून एकूण आकड्यापेक्षा तुकड्यांमधली घसरण आणि आलेली उत्तरं जास्त खरं बोलतात.

यावर आक्षेप येतो की टीव्हीवर एकच जाहिरात वीस वेळा दाखवतात, मग आम्हीच का थांबायचं? टीव्हीवाला पैसे मोजून अनोळखी लोकांसमोर जातो. स्टेटसचं तसं नाही. व्हॉट्सॲपच्या मदत-पानांवर स्पष्ट लिहिलं आहे की दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच स्टेटस दिसतं. म्हणजे फोनमध्ये 900 नंबर आहेत म्हणून 900 प्रेक्षक, हाही भ्रमच. गिऱ्हाइकाने नंबर सेव्ह केला हीच त्याची परवानगी, आणि म्यूट करणं म्हणजे ती परत घेणं. पुन्हा पुन्हा दाखवायचंच असेल तर वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी नव्या कारणाने दाखवावं.

आता एक उदाहरण धरू. सौंसरकडच्या बागायतदाराला दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री थेट घरोघरी विकायची आहेत. नेहमीचा व्हिडिओ बागेच्या नावाने, गणपतीच्या चित्राने आणि सिनेमाच्या गाण्याने सुरू होतो. संत्री येईपर्यंत बघणारा गेलेला असतो. त्याऐवजी 20 ते 25 सेकंदांचा एकच उभा व्हिडिओ करावा. पहिल्या दोन सेकंदांत संत्रं सोलताना जवळून दिसावं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत किलोचा भाव. मग वजनकाट्यावरचा क्रेट, म्हणजे फळाचा आकार कळतो. शेवटी एकच वाक्य: "किती किलो आणि कोणतं गाव, एवढंच लिहून पाठवा; शनिवारी माल पोचेल." स्टेटसला दिलेलं उत्तर थेट विक्रेत्याच्या चॅटमध्ये त्या स्टेटससकट येतं, त्यामुळे वेगळा नंबर झळकवायची गरज नाही. अक्षरं मधल्या भागात असावीत, कारण वर नाव आणि रेघा असतात, खाली उत्तराची चौकट. बसमध्ये आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही भाव कळला पाहिजे.

पांढुर्ण्यात मराठी आणि हिंदी दोन्ही गिऱ्हाइकं आहेत म्हणून एकाच व्हिडिओत दोन्ही भाषांची गर्दी करतात. त्यापेक्षा दोन व्हिडिओ करून 'ठरावीक लोकांनाच दाखवा' हा पर्याय वापरावा. पुढच्या स्टेटसआधी तो बदलायला विसरू नये, नाहीतर तीच यादी कायम राहते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "मेन्शन केलं की जास्त बघतात": बघतात, पण त्या व्यक्तीला सूचना जाते, आणि वैताग तिथूनच सुरू होतो. "स्टेटसवर गाणं कोणतंही चालतं": दुकानाच्या जाहिरातीला चित्रपटगीत लावायला हक्कदाराची परवानगी लागते. "सणाच्या दिवशी जाहिरात चालते": पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथल्या प्रत्येक फोनवर गोटमारीचे व्हिडिओ असतात, त्यात साडीचा सेल कोण शोधेल? सेलची जाहिरात पोळ्याच्या चार दिवस आधी ठेवावी. "24 तास आहेत तर राहू दे": माल संपला की स्टेटस लगेच काढावं, नाहीतर रात्री दहाला आलेल्या ऑर्डरला नाही म्हणावं लागतं, आणि तो माणूस पुढचं स्टेटस उघडत नाही.