समुद्र निळा का, माठ गार का?

२८ फेब्रुवारीला शाळेत भाषण करणारी मुलं बहुधा रामन परिणामाची व्याख्या सांगून थांबतात. पण प्रकल्पाचा विषय आपल्या कुतूहलातून निवडा, असं वर्गमित्रांना सांगायचं असेल, तर त्या शोधाच्या सात वर्षं आधीची गोष्ट जास्त उपयोगी पडते.

१९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राची गडद निळाई रामन यांच्या नजरेत भरली. समुद्राचा हा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होतं. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश त्याने अडवता येतो. तो अडवल्यावर आकाशाचं प्रतिबिंब नाहीसं झालं. निळाई मात्र गेली नाही, उलट अधिकच खुलली. म्हणजे रंग पाण्यातूनच येत होता. पाण्यात प्रकाश कसा विखुरतो, याचा माग काढत ते १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले.

ही गोष्ट सांगून झाली की भाषणात घरातला एखादा प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, माठातलं पाणी गार का होतं? ‘माती थंड असते म्हणून’ हे नेहमीचं उत्तर. रामन यांनी प्रतिबिंब बाजूला काढलं, तसं इथे पाझरणं थांबवून पाहता येतं. एकाच मापाचे दोन नवे माठ घ्या. एकाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. दोन्हींत एकाच बादलीतलं दोन-दोन लिटर पाणी भरून ते सावलीत शेजारी ठेवा. दर तासाला पाण्याचं तापमान आणि भरलेल्या माठाचं वजन लिहा. साधा माठ हलका होत जातो आणि पाणीही गार होत जातं. रंगवलेल्याचं वजन फारसं घटत नाही आणि पाणीही तेवढं गार होत नाही. माती दोन्हींची तीच आहे, तेव्हा गारवा बाष्पीभवनाचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी माठातल्या पाण्यातूनच जाते.

एका माठावर ऊन आलं किंवा दोन्हींतलं पाणी सुरुवातीलाच कमीजास्त गार असलं, तर तुलना फसते. रंगवलेल्या माठाचंही वजन भराभर उतरू लागलं, तर रंगाला भेग आहे असं समजावं. दमट हवेत दोन्ही माठांतला फरक कमी दिसतो. तो का, हा पुढचा प्रश्न आपोआप हाती येतो.

तीन मिनिटांच्या भाषणाला एवढं पुरे. शेवटी वर्गमित्रांना प्रत्येकी एक प्रश्न लिहायला सांगावा आणि त्याखाली दोन ओळी: मी कोणती एकच गोष्ट बदलणार आणि काय मोजणार? या दोन ओळी भरता आल्या, की कुतूहलाचा प्रकल्प झाला.