कोटेशन मागवावे कसे?

मंडळाच्या सभागृहासाठी १५० खुर्च्या घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही तीन दुकानदारांना एका ओळीचे पत्र पाठवले होते: "गादीच्या १५० स्टील खुर्च्यांचा दर कळवावा." उत्तरे आली १,४५०, १,५८० आणि १,६९० रुपये. कार्यकारिणीचा कल अर्थातच पहिल्याकडे होता.

बँकेतल्या सवयीने आम्ही खालची बारीक अक्षरे वाचली. पहिल्याच्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा होता, म्हणजे १,७११ रुपये. टेंपोभाडे ४,५०० रुपये, म्हणजे खुर्चीमागे आणखी ३०. एकूण १,७४१! तिसऱ्याचे १,६९० मात्र सर्व धरून होते. मंडळाची जीएसटी नोंदणी नसल्याने भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो आपला खर्चच.

दुसऱ्याचे १,५८० सुद्धा सर्व धरून होते. पण चौकशीत कळले की त्याचा पाइप २० गेजचा, इतर दोघांचा १८ चा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १८ म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे सुमारे ०.९. कोणी काही लपवले नव्हते. आम्हीच नीट विचारले नव्हते.

म्हणून आम्ही नवे पत्र केले आणि सोबत आमचाच छापील तक्ता जोडला. त्यात खुर्चीचे वर्णन आम्ही भरले: पाइपची जाडी १.२ मिलिमीटर, गादी ५० मिलिमीटर, नग १५०, माल सभागृहात पोच, पैसे मोजणीनंतर सात दिवसांत. दुकानदाराने फक्त चार रकाने भरायचे: मूळ दर, जीएसटी, वाहतूक आणि सर्व धरून एकूण रक्कम. वेगळे काही सुचवायचे असेल तर ते दुसऱ्या कागदावर. दर ३० दिवस कायम राहावा, पाकीट बंद असावे आणि तिघांना मुदत एकच. एकाने गादीच्या कापडाबद्दल विचारले, तेव्हा उत्तर तिघांनाही कळवले. नाहीतर दर पुन्हा वेगवेगळ्या कापडांचे आले असते.

या वेळी खुर्चीमागे एकूण आकडे आले १,७३०, १,६६५ आणि १,६९०. तुलना पाच मिनिटांत झाली.

तरी शिलाई आणि जोडकाम कागदावर दिसत नाही. म्हणून ऑर्डरपूर्वी १,६६५ वाल्याकडून एक नमुना खुर्ची मागवली, पाइप मोजला, बसून पाहिले, वजन करून त्यावर सही केली आणि ती कार्यालयात ठेवली. माल आल्यावर कोणत्याही पाच खुर्च्या काट्यावर ठेवल्या. पाइप पातळ असता तर वजन लगेच कमी भरले असते. पाचही नमुन्याबरोबर जुळल्या, मगच चेक दिला.

कोऱ्या तक्त्याची प्रत मंडळाच्या कार्यालयात आहे. घरच्या कार्यासाठी कोटेशन मागवायचे असेल तर सभासदांनी जरूर न्यावी.